चार आण्यांची भागीदारी

मंदारने आठ लाख रुपये आणायचे आणि रुपयात चार आण्यांचा भागीदार व्हायचे, एवढे ठरायला एक चहा पुरला. त्या आठ लाखांवर त्याने आणखी सव्वादोन लाख का द्यायचे, हे ठरायला मात्र दोन महिने गेले.

ही फर्म हिशेब समजावण्यासाठी कागदावर उभी केलेली आहे, पण अशा फर्म्स कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गल्लोगल्ली सापडतील. स्वतःचा गाळा, चार-पाच लेथ, एक मिलिंग मशीन, फाउंड्रीतून आलेले कास्टिंग घासूनपुसून मापात आणून द्यायचे काम. अण्णा आणि विलासराव असे दोन भागीदार आहेत. नफ्याची वाटणी तीनास दोन, म्हणजे रुपयातले साठ पैसे अण्णांचे आणि चाळीस विलासरावांचे. विलासरावांचे गुडघे कुरकुरू लागले आहेत, त्यांना रोजची धावपळ कमी करायची आहे. मंदार चाकणच्या कारखान्यात काम केलेला इंजिनिअर आहे आणि त्याला आता गावी परतायचे आहे. नवी वाटणी अशी ठरली: अण्णा पन्नास पैसे, विलासराव पंचवीस, मंदार पंचवीस. तारीख धरली १ एप्रिल २०२५, कारण वर्षाच्या मधेच भागीदार घेतला तर त्या दिवसापर्यंतचा नफा वेगळा काढत बसावे लागते.

भारतीय भागीदारी कायदा १९३२ सालचा आहे. त्याच्या ३१व्या कलमात नव्या भागीदाराविषयी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. करारात वेगळे काही ठरले नसेल तर सगळ्या जुन्या भागीदारांची संमती असल्याशिवाय नवा माणूस आत येत नाही. आणि तो येण्याआधी फर्मने जे काही केले, त्याची जबाबदारी त्याच्यावर पडत नाही. हिशेबाच्या वहीत पुढे जे घडते, त्याची निम्मी कारणे या दुसऱ्या वाक्यात आहेत. मंदार जर १ एप्रिलच्या आधीच्या देण्यांना बांधील नसेल, तर १ एप्रिलच्या आधीच्या कमाईवरही त्याचा हक्क असू नये. जुने सगळे जुन्या प्रमाणात वाटून टाकायचे आणि पाटी पुसूनच त्याला आत घ्यायचे.

३१ मार्चच्या ताळेबंदात अण्णांचे भांडवल १२ लाख आणि विलासरावांचे ८ लाख दिसते. गेल्या काही वर्षांत नफ्यातून बाजूला ठेवलेला सामान्य राखीव निधी २ लाख आहे. व्यापाऱ्यांचे देणे ६ लाख, मशीनसाठी घेतलेले बँकेचे कर्ज ४ लाख. एकूण ३२ लाख. दुसऱ्या बाजूला गाळा ९ लाख, यंत्रसामग्री ८ लाख, माल ५ लाख, गिऱ्हाइकांकडून येणे ७ लाख, बँकेत ३ लाख. तेही ३२ लाख.

राखीव निधीचे काम सोपे आहे. तो दोघांनी मिळून न उचललेला नफा आहे, म्हणून तीनास दोन या प्रमाणात अण्णांच्या खाती १ लाख २० हजार आणि विलासरावांच्या खाती ८० हजार जमा होतात. निधी वहीतून जातो, भांडवल तेवढे वाढते. साचलेला तोटा असता तर तोही याच प्रमाणात दोघांच्या नावे पडला असता.

गाळ्यापाशी आल्यावर मात्र थांबावे लागते. वहीत तो ९ लाखांचा आहे, पण आजूबाजूला झालेले व्यवहार पाहता त्याचे आज १४ लाख येतील, यावर तिघांचेही एकमत आहे. मधले पाच लाख कोणाचे? गाळा घेतला तेव्हा मंदार शाळेत होता. किंमत वाढवलीच नाही आणि पुढच्या वर्षी गाळा १४ लाखांना विकला, तर पाच लाखांचा नफा नव्या प्रमाणात वाटला जाईल आणि मंदारला काही न करता सव्वा लाख मिळतील. ते येतील जुन्या दोघांच्या खिशातून. अण्णांना तीन लाखांऐवजी अडीच लाख मिळतील, म्हणजे पन्नास हजार कमी. विलासरावांना दोन लाखांऐवजी सव्वा लाख, म्हणजे पंचाहत्तर हजार कमी. म्हणून मंदार येण्याच्या आदल्या दिवशीच्या भावाने सगळी मालमत्ता आणि सगळी देणी पुन्हा मोजतात. त्यासाठी एक तात्पुरते खाते उघडले जाते. पाठ्यपुस्तकात त्याला कुठे पुनर्मूल्यांकन खाते म्हणतात, तर कुठे नफा-तोटा समायोजन खाते. वाढ त्याच्या जमेला, घट त्याच्या नावे आणि जे उरेल ते जुन्या भागीदारांना जुन्या प्रमाणात.

नवा भागीदार शहाणा असेल तर तो गाळ्याच्या वाढलेल्या किमतीवर फार वेळ घालवत नाही, तो गोदामात जातो. मंदारही गेला. मागच्या भिंतीला लागून पंपाच्या आवरणांचे कास्टिंग रचून ठेवले होते, वरून गंज चढलेले, काहींवर खडूने लिहिलेला ऑर्डरचा नंबर अजून वाचता येत होता.

"अण्णा, ही ऑर्डर कधीची?"

"अरे, ती कंपनी मॉडेल बदलून बसली. पण माल आहे की."

"माल आहे, गिऱ्हाईक कुठाय? भंगाराच्या भावानं धरू या."

भंगाराचा भाव धरला आणि मालाच्या किमतीतून ६० हजार कमी झाले. मग येण्याची यादी निघाली. एका गिऱ्हाइकाकडचे ७० हजार दोन वर्षे हललेले नव्हते. आठवण केली की "पुढच्या आठवड्यात बघू", हे एकच उत्तर. ती रक्कम संशयित म्हणून बाजूला काढली. यंत्रांवर वहीत धरलेला घसारा खऱ्या झिजेपेक्षा कमी होता, म्हणून तिथे १ लाख उतरले. आणि कामगारांच्या बोनसचे २० हजार द्यायचे राहिले होते, जे वहीत कुठेच नव्हते. असे न लिहिलेले देणे शोधून काढणे हे नव्या भागीदाराच्या सल्लागाराचे खरे काम. त्यासाठी ताळेबंदापेक्षा एप्रिल-मे महिन्यांची बिले आणि बँकेचे पासबुक जास्त उपयोगी पडते. मार्चचा खर्च एप्रिलमध्ये दिलेला दिसला की तो मार्चच्या ताळेबंदात देणे म्हणून होता का, हे ताडून पाहायचे.

तर जमेला पाच लाख, नावे अडीच लाख. उरलेला अडीच लाखांचा नफा तीनास दोन वाटला: अण्णांना दीड लाख, विलासरावांना एक लाख. इथवर मंदारचा एक रुपयाही आत आलेला नाही.

वाढवलेल्या किमती वहीत कायमच्या ठेवायच्या की नाहीत, हा वेगळा प्रश्न आहे. अनेक फर्म्स ठेवत नाहीत. गाळ्याची किंमत वहीत १४ लाख केली तरी आयकराचा घसारा जुन्याच आकड्यांवर मिळतो, मग दोन-दोन हिशेब सांभाळावे लागतात. अशा वेळी पुनर्मूल्यांकन फक्त टिपणापुरते करतात. मालमत्ता जुन्याच आकड्यावर राहते आणि फरकाची रक्कम भागीदारांच्या भांडवल खात्यांतून आपापसात फिरवली जाते. आपल्या फर्मने सरळ रस्ता धरला आणि वहीतले आकडे बदलले, असे समजून पुढे जाऊ.

आता सव्वादोन लाख.

व्यवहारात गुडविल म्हणतात, शाळा-कॉलेजच्या पुस्तकात ख्याती किंवा नावलौकिक. इंग्लंडमध्ये १८१० साली मालवाहतुकीच्या एका धंद्यावरून खटला चालला. त्यात लॉर्ड एल्डन या न्यायाधीशांनी सांगितलेला अर्थ असा, की जुने गिऱ्हाईक जुन्या ठिकाणी पुन्हा येण्याची शक्यता म्हणजे गुडविल. अण्णांच्या फर्मला लावून पाहिले तर ते पटते. तीन फाउंड्र्या आपले कास्टिंग डोळे मिटून इथे पाठवतात, कारण माप चुकत नाही आणि चुकले तर अण्णा रात्री उभे राहून दुरुस्त करून देतात. शेजारच्या गाळ्यात तशीच यंत्रे घेऊन कोणी बसला, तर त्याला ही कामे मिळवायला वर्षे लागतील. मंदारला ती पहिल्या दिवसापासून मिळतात. भागीदारी कायद्याचे १४वे कलमही फर्मच्या मालमत्तेत गुडविल धरते, म्हणजे ती गाळ्यासारखी मालमत्ता आहे, फक्त तिला कुलूप लावता येत नाही.

किंमत किती धरायची? अण्णांनी आपले गणित कागदाच्या कोपऱ्यात मांडले होते. तीन वर्षांचा नफा ११ लाख २० हजार, १३ लाख ४० हजार आणि १२ लाख ४२ हजार. सरासरी १२ लाख ३४ हजार. दोन वर्षांची सरासरी म्हणजे गुडविल, असे त्यांनी कुठेतरी ऐकले होते. त्यामुळे २४ लाख ६८ हजार आणि त्यातला मंदारचा चौथा हिस्सा ६ लाख १७ हजार. ही सरासरी नफ्याची पद्धत पुस्तकात आहे आणि छोट्या धंद्यात सर्रास चालते. पण तिच्यात तीन गोष्टी लपून राहतात आणि फर्मच्या सीए बाईंनी त्या एकेक करून बाहेर काढल्या.

मधल्या वर्षाच्या १३ लाख ४० हजारांत जुना लेथ विकून आलेले १ लाख २० हजार होते. लेथ पुन्हा पुन्हा विकता येत नाही, म्हणून ते वजा. आता सरासरी ११ लाख ९४ हजार झाली. दुसरी गोष्ट अण्णांना लागली. दोघेही भागीदार सकाळी नऊ ते रात्री आठ राबतात आणि पगार घेत नाहीत. तेच काम नोकर ठेवून करून घेतले असते तर प्रत्येकी महिना २५ हजार तरी गेले असते, म्हणजे दोघांचे वर्षाला सहा लाख. हा नफा नावलौकिकाचा नव्हे, घामाचा आहे, आणि घाम विकता येत नाही. सहा लाख वजा केल्यावर ५ लाख ९४ हजार उरले.

तिसरी गोष्ट भांडवलाची. पुनर्मूल्यांकनानंतर दोघांचे फर्ममध्ये गुंतलेले पैसे साडेचोवीस लाख होतात: २० लाख भांडवल, २ लाख राखीव निधी, अडीच लाख वाढ. एवढे पैसे असल्या धंद्यात कोणीही घातले तरी काही परतावा मिळतोच. तो १२ टक्के धरला तर २ लाख ९४ हजार. यात नावलौकिकाचे कर्तृत्व काही नाही, म्हणून तेही वजा. राहिले तीन लाख. वर्षाला हे तीन लाख खऱ्या अर्थाने जुन्या नावामुळे मिळतात. याला अधिनफा म्हणतात. असा नफा नव्या माणसाला आणखी किती वर्षे जुन्या पुण्याईवर मिळत राहील? तिघांनी तीन वर्षे धरली. तीन गुणिले तीन लाख, गुडविल ९ लाख.

एकाच धंद्याच्या गुडविलचे दोन आकडे निघाले, पावणेपंचवीस लाख आणि नऊ लाख, आणि दोन्ही आकडे काढणारे प्रामाणिक होते. १२ टक्क्यांऐवजी १५ टक्के परतावा धरला असता तर आकडा आणखी खाली आला असता, तीन वर्षांऐवजी पाच धरली असती तर वर गेला असता. गुडविलचे मोजमाप हे शेवटी घासाघीस असते. सूत्राचा फायदा एवढाच, की घासाघीस कशावर चालली आहे ते समोर दिसते. महिना २५ हजारांवर वाद घालता येतो, "आमच्या नावाची किंमत" यावर नाही.

नऊ लाखांचा चौथा हिस्सा सव्वादोन लाख. मंदारने ते द्यायचे, हे आता नक्की झाले. कोणाला द्यायचे, यावर मात्र दोघेही जुने भागीदार सारखेच चुकीचे होते. तीनास दोन या प्रमाणात वाटायचे, अण्णांना १ लाख ३५ हजार आणि विलासरावांना ९० हजार, हे दोघांनीही गृहीत धरले होते. राखीव निधी तसा वाटला, गाळ्याची वाढ तशी वाटली, मग हेही तसेच.

पण राखीव निधी कालचा होता. गुडविलचे पैसे उद्याच्या नफ्यासाठी आहेत. मंदार ते देतो आहे, कारण येणाऱ्या प्रत्येक रुपयातले पंचवीस पैसे तो घेणार आहे, आणि ते पंचवीस पैसे कोणीतरी सोडले म्हणून त्याला मिळत आहेत. कोणी किती सोडले? अण्णा साठवरून पन्नासवर आले, दहा पैसे. विलासराव चाळीसवरून पंचवीसवर आले, पंधरा पैसे. म्हणून सव्वादोन लाखांची वाटणी दोनास तीन व्हायला हवी: अण्णांना ९० हजार, विलासरावांना १ लाख ३५ हजार. याला त्यागाचे प्रमाण म्हणतात. बारावीच्या वाणिज्य शाखेतली मुले ते जुन्या प्रमाणातून नवे वजा करून चटकन काढतात. आकडे बरोबर उलटे झाले आणि विलासरावांचे ४५ हजार वाचले. अण्णा मिनिटभर गप्प बसले, मग म्हणाले, "बरोबर आहे. तुम्हीच जास्त देताय."

हे प्रमाण कधीकधी अनपेक्षित वळण घेते. समजा विलासराव चाळीसवरून थेट दहा पैशांवर आले असते, मंदारला पंचवीस दिले असते आणि अण्णांनी पासष्ट घेतले असते. तर अण्णा जुने भागीदार असूनही पाच पैशांचे घेणेकरी झाले असते आणि नऊ लाखांच्या पाच टक्के, म्हणजे ४५ हजार, त्यांनीही विलासरावांना भरून द्यायला हवे होते. विलासरावांनी सोडलेल्या तीस पैशांचे २ लाख ७० हजार होतात. त्यातले सव्वादोन लाख मंदारचे, उरलेले ४५ हजार अण्णांचे. घरगुती फर्ममध्ये मुलगा किंवा पुतण्या आत येतो आणि त्याच निमित्ताने थोरल्याचा हिस्साही गुपचूप वाढतो, तेव्हा ही नोंद हमखास राहून जाते.

रोजकीर्दीत हे सगळे दोन ओळींत मावते. बँक खाते नावे १० लाख २५ हजार. त्यातले ८ लाख मंदारच्या भांडवल खाती जमा, सव्वादोन लाख गुडविल खाती जमा. पुढची ओळ: गुडविल खाते नावे सव्वादोन लाख, अण्णांच्या भांडवल खाती जमा ९० हजार, विलासरावांच्या १ लाख ३५ हजार. गुडविल खाते उघडले आणि त्याच दिवशी बंद झाले. नव्या ताळेबंदात गुडविलचा उल्लेखही राहत नाही.

जुन्या पद्धतीने शिकलेल्यांना हे खटकते. पूर्वी नवा भागीदार गुडविलची रक्कम आणू शकला नाही, तर गुडविल वहीत उभारण्याची रीत होती. मालमत्तेच्या बाजूला नऊ लाख लिहायचे आणि जुन्या भागीदारांच्या भांडवलाला तेवढेच जमा करायचे. भारतीय सनदी लेखापाल संस्थेच्या २६व्या लेखा मानकानुसार आता असे करता येत नाही. आपणच निर्माण केलेली गुडविल मालमत्ता म्हणून लिहायची नाही. पैसे मोजून विकत घेतलेली असेल तरच ती वहीत येते. कारण उघड आहे. अण्णा, विलासराव आणि मंदार यांनी चहा पिता पिता ठरवलेल्या आकड्याने ताळेबंद नऊ लाखांनी फुगला, तर तो पाहून कर्ज देणारी बँक फसेल.

मग मंदारकडे सव्वादोन लाख नसतीलच तर? आकडा भागीदारांच्या खात्यांतच मिटवायचा. मंदारच्या खाती सव्वादोन लाख नावे, अण्णा आणि विलासराव यांच्या खाती अनुक्रमे ९० हजार आणि १ लाख ३५ हजार जमा. मंदारने आणलेले आठ लाख मग भांडवल खात्यात पावणेसहा लाख दिसतील. ते नको असेल तर त्याच्या नावाने वेगळे चालू खाते उघडून तिथे ही रक्कम येणे दाखवायची आणि पुढच्या नफ्यातून वळती करायची. एखाद्या फर्मच्या वहीत आधीच्या काळातली जुनी गुडविल पडून असेल, तर नवा भागीदार येण्याआधी ती जुन्या भागीदारांच्या नावे जुन्या प्रमाणात टाकून खोडतात. नाहीतर नव्या माणसाला त्याच गुडविलची झळ दोनदा बसते.

तिसरा रस्ता बाजारात फार वापरला जातो: सव्वादोन लाख मंदारने दोघांच्या हातात परस्पर द्यायचे. तसे करण्यात गैर काही नाही. फर्मच्या वहीत मग एकही ओळ लिहावी लागत नाही. पण रोख देण्याचा मोह टाळलेला बरा. एका व्यक्तीकडून एका दिवसात किंवा एकाच व्यवहारासाठी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास आयकर कायद्याने २०१७ पासून बंदी आहे, आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. शिवाय पाच-सात वर्षांनी भांडण झाले आणि मंदार म्हणाला, "मी गुडविल दिली होती", तर दाखवायला त्याच्याकडे काय असेल? चेकने किंवा बँकेतून दिले आणि भागीदारीच्या करारात तशी ओळ घातली, तर हा प्रश्नच उरत नाही.

आता खाती कुठे उभी आहेत ते पाहू. अण्णा: १२ लाख, अधिक राखीव निधीचे १ लाख २० हजार, अधिक पुनर्मूल्यांकनाचे दीड लाख, अधिक गुडविलचे ९० हजार. एकूण १५ लाख ६० हजार. विलासराव: ८ लाख, अधिक ८० हजार, अधिक १ लाख, अधिक १ लाख ३५ हजार. एकूण ११ लाख १५ हजार. मंदार ८ लाख.

करारात असे ठरले होते की यापुढे भांडवल नफ्याच्या प्रमाणातच राहील. असे ठरवण्याची कायद्याची सक्ती नाही. पण न ठरवल्यास जास्त भांडवल घातलेल्याला व्याज द्यायचे का, हा वाद दर वर्षी मार्चमध्ये उगवतो. मोजायला मंदारचे आठ लाख हाच आधार, कारण ती रक्कम ताजी आणि बोलून ठरवलेली आहे. चार आण्यांना आठ लाख, तर पूर्ण रुपयाला ३२ लाख. अण्णांचे १६ लाख हवेत, म्हणजे त्यांना ४० हजार आणायला लागतील. विलासरावांचे ८ लाख हवेत, म्हणजे त्यांच्या खात्यात ३ लाख १५ हजार जास्त आहेत.

अण्णांनी ४० हजार भरले. विलासरावांच्या ३ लाख १५ हजारांवर मात्र विचार करावा लागला. पुस्तकातले उदाहरण "जादा रक्कम रोखीने परत केली" असे म्हणून संपते. प्रत्यक्षात मंदारचे पैसे आणले ते नवे सीएनसी मशीन घेण्यासाठी, आणि त्यातलेच सव्वातीन लाख दुसऱ्या दाराने बाहेर गेले तर मशीनचा हप्ता कुठून भरायचा? दुसरे कारण कराचे. विलासरावांच्या जादा रकमेतला मोठा भाग गाळ्याच्या वाढलेल्या किमतीचा आणि गुडविलचा आहे. फर्मची पुनर्रचना होताना भागीदाराला पैसे किंवा मालमत्ता दिली तर फर्मला भांडवली नफ्याचा कर लागतो का, याचे नियम २०२१ मध्ये बदलले. तेव्हापासून तो हिशेब करताना मालमत्तेच्या पुनर्मूल्यांकनामुळे किंवा स्वतः निर्माण केलेल्या गुडविलमुळे वाढलेले भांडवल धरले जात नाही. विलासरावांचे मूळ भांडवल मोठे असल्यामुळे या रकमेला कर लागला नसता. पण ज्याचे भांडवल थोडे आणि वाढ मोठी, अशा भागीदाराने पैसे उचलण्याआधी सीएला विचारलेले बरे.

शेवटी ३ लाख १५ हजार विलासरावांच्या कर्ज खात्यात वळवले. आता ते फर्मचे भागीदारही आहेत आणि सावकारही. करारात व्याजाचा दर लिहिला नसेल, तर भांडवलाव्यतिरिक्त दिलेल्या अशा पैशांवर कायदा वर्षाला सहा टक्के देतो. बँकेच्या ठेवीशी तुलना केल्यावर विलासरावांनी दर लिहून घेतला.

आता नवा ताळेबंद जुळतो का? गाळा १४ लाख, यंत्रसामग्री ७ लाख, माल ४ लाख ४० हजार, येणे ६ लाख ३० हजार. बँकेत आधीचे ३ लाख, मंदारचे सव्वादहा लाख आणि अण्णांचे ४० हजार मिळून १३ लाख ६५ हजार. एकूण ४५ लाख ३५ हजार. समोरच्या बाजूला तिघांचे भांडवल ३२ लाख, विलासरावांचे कर्ज ३ लाख १५ हजार, व्यापाऱ्यांचे ६ लाख, बँकेचे ४ लाख, बोनसचे २० हजार. ४५ लाख ३५ हजार. इथे एका रुपयाचाही फरक आला, तर बहुतेक वेळा चूक एकाच जागी सापडते. न लिहिलेले देणे पुनर्मूल्यांकन खात्यात धरलेले असते, पण ताळेबंदात देण्यांच्या बाजूला लिहायचे राहिलेले असते. जुळलेला ताळेबंद मात्र वाटणी बरोबर झाल्याचा पुरावा नसतो. गुडविल चुकून तीनास दोन वाटली असती, तरी दोन्ही बाजू अशाच जुळल्या असत्या आणि चूक फक्त विलासरावांना महागात पडली असती.

कराराच्या मसुद्यात सीए बाईंनी आणखी एक परिच्छेद घालून घेतला. यापुढे कोणी आत आले किंवा बाहेर गेले, तर गुडविल याच रीतीने काढायची: तीन वर्षांचा सुधारित नफा, भागीदारांच्या कामाचा त्या वेळचा पगार वजा, भांडवलावर ठरलेला परतावा वजा आणि उरलेल्याची तीनपट. विलासराव दोन-तीन वर्षांत पूर्ण निवृत्त होणार, हे तिघांनाही माहीत होते. त्या दिवशी त्यांचे पंचवीस पैसे अण्णा आणि मंदार वाटून घेतील आणि मंदार पहिल्यांदाच जुना भागीदार म्हणून गुडविलचा चेक फाडेल. बदलाची नोटीस रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे गेली, त्याच आठवड्यात भिंतीकडेचे गंजलेले कास्टिंग भंगारवाल्याने नेले. मिळाले ते ठरवलेल्या भावापेक्षा चार हजार जास्त, आणि ते मात्र तिघांनी नव्या प्रमाणात वाटून घेतले.